वारा गुरांचा, कोरडेपणा भाताचा

ऑगस्टमधली पहाट. जासईत मामाच्या गोठ्यात शिरलो तेव्हा बाहेर पाऊस नव्हता, पण आत पडत होता. पत्र्याच्या खालच्या बाजूला पाण्याचे मणी धरले होते. थोड्या थोड्या वेळाने त्यातला एखादा सुटायचा आणि गाईच्या पाठीवर पडायचा. गाय तेवढीच कातडी थरथरवायची. वासराच्या उंचीला वाकलो तर डोळ्यांत चुरचुरलं, घशाशी खवखव आली. गोठ्याच्या पश्चिमेच्या टोकाला गोणपाटाच्या पडद्याआड भाताची आठ पोती आणि पेंडीची दोन पोती रचली होती. मामीने त्यातल्या एका पोत्याची शिवण उसवून हात आत घातला आणि मूठभर भात माझ्या नाकाशी धरलं. कुबट वास आला. मुठीतले दाणे सुटे झाले नाहीत, गोळा होऊन राहिले.

"गुरांना वारा मिळंना, नि भाताला सुकं मिळंना," मामी म्हणाली. "दोघांची जागा एक करून आमी दोघांचंबी वाटोळं केलं."

या लेखाचा विषय मामीच्या या दोन वाक्यांत आला आहे. लहान शेतकऱ्याचा गोठा आणि धान्याची कोठी यांच्या गरजा एकमेकींच्या उलट असतात. गुरांच्या अंगातून आणि श्वासातून दिवसरात्र वाफ निघते. ती बाहेर घालवायला मोकळा वारा लागतो. भाताला मात्र पावसाळ्यातला तोच वारा नको असतो, कारण त्यातलं पाणी दाणा ओढून घेतो. कोकणात या दोन्ही गोष्टी एका छपराखाली आणल्या की छप्पर कितीही चांगलं असो, दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं असतं. मामाकडे दोघांचं झालं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही जागा वेगळ्या केल्या. ते काम टेप आणि पाणसळ हातात घेऊन जवळून पाहिलं, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

जागा आकसली तेव्हा

जासई हे उरणमधलं, भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांचं गाव. नवी मुंबईसाठी १९७० च्या सुमाराला या पट्ट्यातल्या जमिनी संपादनात गेल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात याच परिसरात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व पुढे आलं. हा इतिहास इथल्या घराघरात ठाऊक आहे. मला त्यातली एक साधी गोष्ट सांगायची आहे. जमीन गेली, तसं खळंही गेलं आणि घरामागचं मोकळं आवारही गेलं. जुन्या घरांत भाताची कणगी माजघरात असायची, चुलीच्या धगीला. गुरं अंगणापलीकडे, पेंढ्याची उडवी त्याहून लांब. तीन वेगळ्या जागा होत्या आणि त्यांच्यामध्ये वारा खेळायचा. आवार दोन-तीन गुंठ्यांवर आलं तेव्हा या तिन्ही जागा एकमेकींत घुसल्या.

दुसरा बदल जमिनीच्या पातळीचा. बंदर, रस्ते, कंटेनरची आवारं यांसाठी आजूबाजूला भराव पडले. पूर्वी जे पाणी खाडीकडे सरळ निघून जायचं ते आता वळसे घेतं, काही ठिकाणी तुंबतं. त्यामुळे आजोबांच्या चौथऱ्याची उंची आज प्रमाण धरता येत नाही. मामाने गोठ्याचा चौथरा जुन्या मापाने दीड फूट घेतला आणि पहिल्याच जोरदार पावसात पाणी उंबऱ्याला टेकलं. आता आम्ही मोजतो ते असं : गेल्या काही पावसाळ्यांत आवारात पाणी जिथवर चढलं ती खूण भिंतीवर शोधायची आणि तिच्या वर किमान दीड फूट चौथरा घ्यायचा.

साडेतीन मीटरचा हिशेब

मामाने गोठा बांधताना सरकारी मापं घेतली होती. राज्याच्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा गुरांच्या गोठ्यासाठी ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद, म्हणजे २६.९५ चौरस मीटर जागा धरली आहे. सोबत लांबीभर गव्हाण, २५० लिटरची मूत्राची टाकी आणि २०० लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी. योजनेचा निर्णय फेब्रुवारी २०२१ चा. माप म्हणून हे चांगलं आहे. ७.७ मीटरमध्ये सहा गुरं उभी केली तर प्रत्येकी १.२८ मीटर रुंदी मिळते. कोकणातल्या लहान चणीच्या गाईला, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयत्नांतून जिची 'कोकण कपिला' या नावाने वेगळी जात म्हणून नोंद झाली तिला, एवढी जागा ऐसपैस होते.

अडचण रुंदीत आहे. साडेतीन मीटर कसे वाटले जातात ते पाहू. गव्हाणीला ६० सेंटिमीटर, गाईला उभं राहायला आणि बसायला १.७ मीटर, मागच्या नालीला ३० सेंटिमीटर, आणि शेण काढणाऱ्या माणसाला मागे ९० सेंटिमीटर. बेरीज बरोबर साडेतीन मीटर झाली. म्हणजे गव्हाणीच्या पुढे उभं राहून चारा टाकायला आत जागाच उरत नाही. मामीला पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन मागच्या शेणातून, दोन गाईंच्या मधून वाट काढत गव्हाणीपर्यंत जावं लागे. पायाला लागलेलं शेण गव्हाणीपाशी यायचं. एका गाईने मान झटकली आणि मामी भाऱ्यासकट पडली, तेही एकदा झालं.

मामाकडे गुरं चार : तीन गाई आणि एक कालवड. चार जणींना पाच मीटर पुरले. उरलेले अडीच मीटर रिकामे दिसत होते, म्हणून तिथे भात आणि पेंड आली. पेंढा बांबूचा माळा करून गाईंच्या डोक्यावर, थेट आढ्यापर्यंत कोंबला. भिंती चारही बाजूंनी पत्र्यापर्यंत नेल्या, पाऊस आत येऊ नये म्हणून. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचा वाटला होता. सगळे मिळून मात्र वाफ कोंडणारी एक बंद पेटी तयार झाली.

वाफ कुठे जाते

लहान चणीची गाय श्वास आणि कातडीवाटे दिवसाला कमीत कमी चार-पाच लिटर पाणी हवेत सोडते. चार जनावरांचं मिळून सोळा-अठरा लिटर धरा. ओल्या जमिनीतून आणि मूत्रातून उडणारं पाणी वेगळं. ही वाफ गरम असते म्हणून वर जाते. वर आढ्याला वाट असेल तर ती निघून जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. वाट नसेल तर रात्री थंड झालेल्या पत्र्याला लागून तिचं पुन्हा पाणी होतं. पहाटे गाईच्या पाठीवर पडत होतं ते हेच पाणी.

कोकणातला उकाडा जनावराला नुसत्या तापमानातून कळत नाही. पशुवैद्यक तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून एक निर्देशांक काढतात. देशावरच्या कोरड्या दुपारी ३३ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर तो ७८ च्या आसपास येतो. जासईत श्रावणात तापमान २८ अंशच असतं, पण आर्द्रता ९० टक्के असली की निर्देशांक ८१ होतो. पाच अंश कमी असूनही त्रास जास्त, कारण घाम वाळत नाही. अशा वेळी गाईच्या अंगावरून वाहणारा वारा हाच तिचा खरा आधार.

आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, माळा रिकामा करून काढून टाकला. दुसरी, आढ्यावर लांबीभर सात सेंटिमीटरची फट ठेवली आणि तिच्यावर वीतभर उंचीवर पत्र्याची टोपी बसवली. टोपी दोन्ही बाजूंना फुटभर पुढे काढली. तीन मीटर रुंदीच्या गोठ्याला पाच सेंटिमीटर फट असा साधारण ठोकताळा आहे. आम्ही थोडी जास्त घेतली, कारण आमचा वारा दमट आहे. तिसरी गोष्ट भिंतींची. गोठा पूर्व-पश्चिम लांब आहे आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. म्हणून पश्चिमेची त्रिकोणी भिंत तशीच बंद ठेवली. दक्षिणेची भिंत कमरेएवढी ठेवून वर मोकळी केली आणि तिच्यावर पाखी पाऊण मीटर पुढे काढली. वळचणीची उंची २.१ मीटर आणि भिंत एक मीटर, म्हणजे मधली मोकळी जागा १.१ मीटर. पाऊस बऱ्यापैकी तिरका आला तरी पागोळ्या भिंतीबाहेरच पडतात. अगदी वादळी सरी येतात त्या दिवसांसाठी गुंडाळून ठेवलेला शेडनेटचा पडदा आहे, तो तेवढ्यापुरताच सोडायचा. उत्तरेची बाजू पूर्ण मोकळी केली, नुसते आडवे बांबू लावून.

हे जमलं की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. कोकणात दिवेलागणीला गोठ्यात धुरी करतात, डास-माशांसाठी. ती धुरी हीच परीक्षा. आधी मामीने कडुलिंबाचा पाला टाकून धुरी केली की धूर गाईंच्या पाठीच्या उंचीवर थर धरून लोंबत राहायचा. मी घड्याळ लावलं होतं, पाव तास झाला तरी समोरची भिंत पुसटच होती. दुरुस्तीनंतर तोच धूर उभा वर गेला, टोपीखालून दोन्ही बाजूंना सुटला आणि तीन-चार मिनिटांत गोठा स्वच्छ दिसू लागला. धूर कुठे अडकतो ते पाहायचं, तिथेच वाफही अडकलेली असते. आणखी काही खुणा : पत्र्याच्या खालच्या बाजूला गंजाचे ठिपके, वाशांवर काळी बुरशी, पहाटे जाळ्यांवर दवासारखं पाणी, आणि वासराच्या उंचीला नाक नेल्यावर होणारी चुरचुर. ही चुरचुर मूत्रातून उडणाऱ्या अमोनियाची असते. उभ्या माणसाला ती जाणवत नाही, खाली बसलेल्या वासराला रात्रभर सोसावी लागते.

पाण्याला वाट, पण दोन वेगळ्या

गोठ्यात दोन प्रकारचं पाणी असतं आणि त्यांची भेट होता कामा नये. एक मूत्र आणि धुण्याचं पाणी, दुसरं छपराचं. मामाची २५० लिटरची टाकी पहिल्या पावसाळ्यात रोज ओसंडत होती आणि कारण कुणाच्या लक्षात येत नव्हतं. चार जनावरांचं मूत्र दिवसाला वीस-बावीस लिटर, टाकी अकरा-बारा दिवस पुरायला हवी. मग छपराचं माप घेतलं. पाखी धरून छप्पर साधारण ४८ चौरस मीटर. एवढ्या छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की ४८ लिटर पाणी होतं. म्हणजे सव्वापाच मिलीमीटर पावसात टाकी भरते आणि या भागात अशी सर पंधरा मिनिटांत येऊन जाते. एका दिवसात १०० मिलीमीटर पडला तर पावणेपाच हजार लिटर. छपराची पागोळी नालीच्या तोंडाशी पडत होती, एवढीच चूक. पागोळीखाली वेगळी दगडी चर काढून ते पाणी आवाराबाहेर नेलं आणि टाकी शांत झाली.

आतल्या उताराला गवंडी 'ढाळ' म्हणतात. उभं राहण्याच्या जागेला गव्हाणीकडून नालीकडे चाळीसात एक ढाळ हवा : १.७ मीटरमध्ये चार सेंटिमीटर. याहून कमी ढाळ दिला तर मूत्र थांबतं. जास्त दिला तर गाभण गाईचा भार मागच्या पायांवर जातो. नालीचा ढाळ जरा किचकट आहे. ७.७ मीटर लांबीत साठात एक ढाळ दिला तर शेवटचं टोक १३ सेंटिमीटर खाली जातं. सुरुवातीला नाली पाच सेंटिमीटर खोल असेल तर शेवटी अठरा होईल, आणि एवढ्या खोल नालीत गाईचा पाय अडकतो. त्यावर उपाय असा : सगळा कोबाच पूर्वेकडे दहा सेंटिमीटर उतरता घ्यायचा. आठ मीटरमध्ये दहा सेंटिमीटर गाईला जाणवत नाही आणि नाली शेवटीही आठ सेंटिमीटरच राहते.

आधीच्या गवंड्याने ढाळ डोळ्याने धरला होता आणि तो पश्चिमेला, घराकडे गेला होता. या वेळी पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळीने खुणा मारल्या, ओळंब्याने खांब तपासले आणि मगच कोबा टाकला. कोबा ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढल्या. घोटून चकचकीत केलेला कोबा घरात शोभतो, गोठ्यात मात्र गाय त्यावर घसरते आणि एकदा घसरलेली गाय बसायलाच घाबरते. चौथ्या दिवशी गव्हाणीकडून एक बादली पाणी ओतलं. ते कुठे थबकतं तिथे खडूने वर्तुळ काढायचं. दोन वर्तुळं निघाली, ती तेव्हाच दुरुस्त करून घेतली. चुना-सिमेंट ताजं असतानाची दुरुस्ती तासाभराची असते. वर्षाने तीच करायची तर कोबा फोडावा लागतो.

शेणखड्ड्याबाबत खारपट्ट्याची वेगळी अट आहे. खाली चार फूट खणलं की पाणी लागतं, तेही मचूळ. खोल खड्डा केला तर पावसाळ्यात शेण त्यात तरंगतं आणि खताचा कस वाहून जातो. म्हणून खड्डा जमिनीवरच, विटांच्या तीन फुटी कठड्याचा, वर ताडपत्रीचं छप्पर. चार जनावरांचं शेण दिवसाला तीसेक किलो. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा जागेत चार महिन्यांचं शेण मावतं. तो गोठ्याच्या पूर्वेला घेतला, घरापासून आणि कोठीपासून लांबच्या टोकाला.

भाताला वारा नको

आता कोठीकडे येऊ. कापणीच्या वेळी भातात वीस टक्क्यांच्या वर ओल असते. उन्हात वाळवून ती तेरा टक्क्यांच्या आत आणली तर ते महिनोन्महिने टिकतं. पण दाणा कोरडा झाला की काम संपलं असं नसतं. दाणा हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो चौदा टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ९० टक्क्यांच्या हवेत आठवडाभर मोकळा राहिला तर सतरा-अठराकडे जातो. तिथे बुरशी धरते आणि सोंडे वाढतात. गोणपाटाच्या पडद्याने धूळ अडते, वाफ अडत नाही. मामाच्या पोत्यांना बाहेरची ९० टक्के हवा होतीच, वर चार गुरांची वाफ मिळाली.

पोती उघडली तेव्हा मामीच्या मनात आलं, माणसांना चालत नाही तर गुरांना घालू. पशुवैद्यकांनी थांबवलं आणि कारण समजावून दिलं. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि दूध उकळूनही ते जात नाही. शेंगदाण्याच्या पेंडीत हा धोका सगळ्यात जास्त. तीन पोती भात आणि एक पोतं पेंड खड्ड्यात गेली. मामी दोन दिवस बोलली नाही. ज्या हातांनी लावणी केली त्याच हातांनी ते टाकावं लागलं.

नवी कोठी आम्ही गोठ्यापासून तोडून घराला जोडली, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. जुन्या माजघरातल्या कणगीचा विचारच पुन्हा आणला. चुलीची धग ज्या भिंतीला लागते ती भिंत कोरडी राहते. खोली तीन मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद, चौथरा पाण्याच्या खुणेवर दोन फूट, दार गोठ्याच्या विरुद्ध बाजूला. एकरभरातलं आमचं बारा क्विंटल भात पोत्यांतून काढून पत्र्याच्या दोन कोठ्यांत भरलं. एक मीटर व्यासाची आणि १.४ मीटर उंचीची कोठी घेतली तर तिच्यात सहा क्विंटलच्या थोडं वर मावतं. कोठ्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, वीतभर उंच लाकडी फळ्यांवर ठेवायच्या, आणि भिंतीपासून फुटभर सोडून. भिंतीला टेकलेली कोठी रात्री गार पडते आणि आतल्या बाजूला पाणी धरते. मागे हात घालून पाहता यायला हवं, उंदीर-घुशीची वाट तिथूनच सुरू होते. ज्यांना पत्र्याची कोठी परवडत नाही त्यांच्यासाठी दिल्लीच्या पुसा संस्थेची मातीच्या विटांची कोठी आहे. तिच्या दोन भिंतींच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद असतो. कणगीला शेणमातीचा लेप आहे, पण तो ओल पूर्ण अडवत नाही. ती कमतरता तो कागद भरून काढतो.

खोलीला खाली आणि वर एकेक झरोका आहे, पाव इंची जाळीचा आणि बंद होणाऱ्या झडपेचा. झडप महत्त्वाची. डिसेंबर ते मे कोरड्या दुपारी ती उघडायची. जून ते सप्टेंबर बंद. पावसाळ्यात "जरा हवा खेळू दे" म्हणून झरोके उघडणं ही कोठीत होणारी सगळ्यात नेहमीची चूक. खाण्यासाठी भात एकाच कोठीतून काढायचं. दुसरी पावसाआधी झाकण लेपून बंद करायची आणि पहिली संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

भात खरंच कोरडं आहे का, हे मामी मिठाने पाहते. ही रीत कृषी विस्तारातली आहे आणि मीठ तर उरणच्या मिठागरांचंच. मूठभर मीठ तव्यावर भाजून अगदी सुटं करायचं. काचेच्या कोरड्या बरणीत तिसऱ्या भागापर्यंत भात घ्यायचं, दोन-तीन चमचे मीठ टाकायचं, झाकण लावून मिनिटभर हलवायचं आणि पाव तास ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर भातात पंधरा टक्क्यांहून जास्त ओल आहे, पुन्हा ऊन द्यायला हवं. मीठ खाली सुटं राहिलं तर पंधराच्या आत. तेराची खात्री मिठाने होत नाही. त्यासाठी दाताची परीक्षा : दाणा कट्कन तुटायला हवा, दबायला नको.

चारा समोरून, शेण मागून

शेवटचा प्रश्न वाहतुकीचा. जुन्या मांडणीत मामी रोज किती चालते ते मी मोजलं. उडवी चाळीस पावलांवर, सकाळ-संध्याकाळ मिळून चार भारे. पाण्याचे आठ हंडे, पंचवीस पावलांवरून. शेणाची चार घमेली, पस्तीस पावलांवर. जाऊन-येऊन सुमारे हजार पावलं, त्यातली निम्मी डोक्यावर ओझं घेऊन आणि शेणातून.

नव्या मांडणीचं सूत्र एकच : चाऱ्याची वाट आणि शेणाची वाट एकमेकींना कापणार नाहीत. उत्तरेची पाखी १.२ मीटर पुढे काढून गव्हाणीसमोर कोरडी वाट तयार झाली. साडेतीन मीटरमध्ये जी जागा नव्हती ती पाखीखाली मिळाली. जासईहून पनवेलकडे निघालं की गव्हाण नावाचं गाव लागतं. मामा म्हणतो, "गाव शेजारी हाय, पन आमच्या गव्हाणीफुडं उभं ऱ्हायला जागा नव्हती." आता मामी पश्चिमेकडून, घराच्या बाजूने त्या वाटेवर येते आणि सगळ्या गाईंना समोरून चारा टाकते. मूत्र, शेण, धुणं सगळं पूर्वेकडे जातं.

पूर्वी जिथे पोती होती त्या अडीच मीटरमध्ये आता कुट्टीयंत्र आहे आणि आठवडाभराच्या पेंढ्याची माची आहे. दिवसाला पंधरा किलो पेंढा लागतो, म्हणजे आठवड्याचे शंभर-एक किलो. तो आठवड्यातून एकदा हातगाडीने आणायचा, कोरड्या दिवशी. पेंडीचं मात्र उलट. ती दिवसाला पाच किलो लागते. पावसाळ्यात दोनच पोती घ्यायची, म्हणजे वीस दिवसांत संपतात. स्वस्त मिळते म्हणून दहा घेतली तर शेवटची पाच बुरशीच्या स्वाधीन होतात. पेंड झाकणाच्या पिंपात, चाऱ्याच्या वाटेच्या तोंडाशी ठेवतो. भाताच्या कोठीत पेंड ठेवायची नाही, तिचे किडे भातात जातात.

उडवी स्वतंत्र, दीड फूट उंच लाकडी माचावर, घरापासून आणि गोठ्यापासून शक्य तेवढी लांब. आगीचं भय आहेच. आमच्याकडे दहा मीटर मिळाले, ते कमीच आहेत. रचताना प्रत्येक थरातले बाहेरचे भारे जरा बाहेर झुकलेले ठेवायचे, म्हणजे पाणी आत न झिरपता ओघळतं. ताडपत्री थेट पेंढ्यावर टाकली की खाली घाम धरतो आणि वरचा थर करडा, मग काळा होतो. मध्ये बांबू घालून वीतभर मोकळं ठेवलं की पेंढा पिवळाजर्द राहतो. पाण्यासाठी घराच्या टाकीतून गव्हाणीपर्यंत नळी टाकली. आता मामीची रोजची पावलं अडीचशेच्या आसपास आहेत.

एका पावसाळ्यानंतर

सगळं सुटलं असं नाही. दक्षिणेकडून वारा आत येतो तेव्हा नालीवरूनच येतो. शेण वेळेवर काढलं नाही तर त्याचा वास गाईंच्या नाकापर्यंत जातो. म्हणून दिवसातून तीन वेळा काढावंच लागतं. खाऱ्या हवेने टोपीचा पत्रा एका वर्षातच कडेला गंजला आहे, त्याला रंग हवा. आढ्याच्या फटीतून वादळात थोडे तुषार येतात. आणि एकरभर भाताचा पेंढा चार गुरांना जेमतेम तीन-साडेतीन महिने पुरतो, बाकीचा विकत घ्यावा लागतो. ही अडचण कुठलीही मांडणी सोडवू शकत नाही.

परवाच्या श्रावणात पुन्हा पहाटे गेलो. बाहेर रिपरिप होती. आत गाई बसून रवंथ करत होत्या, पत्रा खालून कोरडा होता. कालवडीशेजारी उकिडवा बसलो, डोळे चुरचुरले नाहीत. मामी घरातून बरणी घेऊन आली. आदल्या रात्री पहिल्या कोठीतलं मूठभर भात आणि भाजलेलं मीठ तिने त्यात घालून ठेवलं होतं. तिने बरणी माझ्या कानाजवळ धरून हळूच तिरपी केली. मीठ काचेवरून सळसळत खाली गेलं. काच मागे स्वच्छ राहिली होती.